फुगा फोडून खोली फाइलमध्ये कशी साठवतात? इम्पल्स रिस्पॉन्स आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्ब

गाण्याच्या किंवा रील एडिट करायच्या अ‍ॅपमध्ये 'हॉल', 'चर्च', 'रूम' अशा नावांचा रिव्हर्ब तुम्ही कधीतरी लावून पाहिला असेल. बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेला आवाज एकदम मोठ्या जागेत गायल्यासारखा वाटतो. यातले बरेच रिव्हर्ब फक्त गणितातून तयार केलेले असतात. त्या नावाचा हॉल जगात कुठेच नसतो. पण याचा एक दुसरा प्रकार आहे. त्यात खरीखुरी जागा मोजतात, ती एका छोट्या ऑडिओ फाइलमध्ये साठवतात आणि नंतर कोणताही आवाज त्या जागेत 'ठेवून' ऐकतात. यालाच कन्व्होल्यूशन रिव्हर्ब म्हणतात.

याचं एक गाजलेलं उदाहरण इस्तंबूलमधल्या हागिया सोफियाचं आहे. सहाव्या शतकातली ही घुमटाची प्रचंड वास्तू. तिथे केलेला आवाज पूर्ण विरायला सुमारे 11 सेकंद लागतात. 2010 मध्ये, ती संग्रहालय असताना, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी तिथे फुगे फोडून त्यांचे आवाज रेकॉर्ड केले गेले. त्या चार-दोन फुग्यांवरून वास्तूचा ध्वनी कसा वागतो ते काढलं आणि कॅपेला रोमाना या गायकवृंदाचं कॅलिफोर्नियातलं गाणं त्या घुमटाखाली गायल्यासारखं ऐकवलं. 2019 मध्ये त्याचा अल्बमही आला.

मी हाच प्रयोग आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर केला. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे. लहानपणापासून ज्या जिन्यात आम्ही मुद्दाम ओरडायचो, तो आता पाडला जाईल. त्याचा फोटो काढता येतो, पण त्याचा घुमणारा आवाज कसा जपायचा? पहिल्या वेळी माझं मोजमाप साफ फसलं, दुसऱ्या वेळी जमलं. दोन्ही वेळचं इथे सांगतो.

## इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे काय?

रिकाम्या खोलीत एकदाच टाळी वाजवा. आधी थेट टाळी ऐकू येते. मग भिंतीवरून आपटून आलेली, मग छतावरून, मग दोन भिंतींवरून फिरून आलेली. पुढे ही परावर्तनं इतकी दाट होतात की वेगळी ऐकू येत नाहीत, एकच विरत जाणारी शेपटी ऐकू येते.

आता टाळीऐवजी अगदी क्षणभराचा एकच टोकदार ठोका कल्पा, ज्यात जाड-बारीक सगळे सूर सारख्या प्रमाणात आहेत. या ठोक्याला इम्पल्स म्हणतात, आणि त्याला खोलीने दिलेल्या पूर्ण उत्तराला इम्पल्स रिस्पॉन्स. लोक त्याला नुसतं 'आयआर' म्हणतात. ती साधी WAV फाइलच असते. प्ले केली तर 'टक्' आणि मागे एक घुमणारी शेपटी ऐकू येते.

माझ्या जिन्याच्या फाइलमध्ये हे नीट दिसतं. स्पीकर माइकपासून 2 मीटरवर होता. समोरच्या भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाला एकूण 5 मीटर जावं लागत होतं, म्हणजे 3 मीटर जास्त. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणून ही 3 मीटर पार करायला त्याला 8.7 मिलिसेकंद लागतात. फाइल झूम करून पाहिली तर पहिल्या उंच टोकानंतर बरोबर तेवढ्याच अंतरावर दुसरं टोक आहे. ती समोरची भिंत! मोजपट्टी न वापरता ती फाइलमध्ये नोंदली गेली आहे.

## कन्व्होल्यूशन: प्रत्येक सॅम्पलमागे अख्खा जिना

फोनमधला आवाज म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग असते. एका सेकंदात 48,000 आकडे, म्हणजे 48,000 सॅम्पल. यातला प्रत्येक सॅम्पल हा स्वतःच एक छोटा ठोका आहे असं समजा. एका ठोक्याला जिना काय उत्तर देतो ते आपल्याकडे आहे. मग प्रत्येक सॅम्पलसाठी आयआरची एक प्रत घ्यायची, तिची उंची त्या सॅम्पलएवढी करायची, ती त्या सॅम्पलच्या जागेपासून सुरू करायची आणि शेवटी सगळ्या प्रतींची बेरीज करायची. कन्व्होल्यूशन म्हणजे इतकंच.

छोटे आकडे घेऊन करून पाहू. मूळ आवाजात दोनच सॅम्पल आहेत: 4 आणि 2. आयआर आहे 1, 0, 0.5, 0.25. म्हणजे आधी थेट आवाज, मग एक क्षण शांतता, मग निम्म्या ताकदीचा प्रतिध्वनी आणि शेवटी पाव ताकदीचा.

```
4 x IR      :  4   0   2   1
2 x IR      :      2   0   1   0.5
बेरीज        :  4   2   2   2   0.5
```

दोन सॅम्पल आत गेले आणि पाच बाहेर आले. ही वाढलेली लांबी म्हणजेच घुमणं.

खऱ्या फाइलमध्ये मात्र गणित अंगावर येतं. 3 सेकंदांच्या आयआरमध्ये 1,44,000 सॅम्पल असतात. म्हणजे बाहेर येणाऱ्या प्रत्येक सॅम्पलसाठी तेवढे गुणाकार, आणि असे सॅम्पल सेकंदाला 48,000. एकूण झाले सेकंदाला जवळपास 691 कोटी गुणाकार, तेही एका चॅनेलसाठी. म्हणून सॉफ्टवेअर एक वळसा घेतं. आवाजाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणते सूर किती आहेत ते काढतं, हेच आयआरचंही करतं, आणि सुरांचे आकडे थेट एकमेकांशी गुणतं. उत्तर तेच येतं, पण काम कित्येक पटींनी कमी होतं.

यात एक अडचण होती. तुकडा मोठा घेतला तर तो भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे आवाज उशिरा येतो. 1995 मध्ये विल्यम गार्डनर यांनी यावर उपाय मांडला: आयआरच्या सुरुवातीसाठी लहान तुकडे घ्यायचे आणि शेपटीसाठी मोठे. शेपटी तशीही उशिराच ऐकू यायची असते, त्यामुळे तिचं गणित करायला वेळ मिळतो. 1999 मध्ये सोनीने हे काम चालू आवाजावर करणारं एक वेगळं मशीनच बाजारात आणलं होतं. आज तेच काम साधा लॅपटॉप किंवा फोन करतो.

## फुगा की स्वीप?

फुगा फोडणं सगळ्यात सोपं. वीज नको, स्पीकर नको. पण फुगा हा परिपूर्ण इम्पल्स नाही. लहान फुग्यात जाड सूर कमी असतात, आणि एकासारखा दुसरा फुटत नाही. शिवाय सगळी ताकद एका क्षणात संपते, त्यामुळे शेपटीचा शेवटचा भाग पंखा, रस्ता, कबुतरं यांच्या गोंगाटात बुडतो. आवाज वाढवायचा तर फुगा किती मोठा घेणार?

म्हणून आज बहुतेक मोजमापं स्वीपने होतात. स्वीप म्हणजे 20 हर्ट्झच्या घुमणाऱ्या सुरापासून 20,000 हर्ट्झच्या चिरकणाऱ्या सुरापर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर. मी 20 सेकंदांचा वापरला. इटलीतले प्राध्यापक अँजेलो फरिना यांनी 2000 साली ही पद्धत मांडली आणि ती रुळली.

आता प्रश्न असा की 20 सेकंदांच्या 'ऊऊऊ...ईईई'मधून क्षणभराचा ठोका कसा मिळणार? आपण नेमका कोणता स्वीप वाजवला हे आपल्याला माहीत असतं. म्हणून सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगवर त्याच स्वीपची उलटी, योग्य तेवढी समतोल केलेली प्रत चालवतं. प्रत्येक सूर जितक्या उशिरा वाजला होता तितका मागे ओढला जातो, आणि सगळे सूर एकाच क्षणी येऊन एक ठोका तयार होतो. जिन्याची परावर्तनं त्या ठोक्याच्या मागे आपापल्या जागी बसतात. गोंगाट मात्र स्वीपच्या क्रमाने चालत नाही, म्हणून तो एका जागी गोळा होत नाही, सगळीकडे पसरून क्षीण होतो.

याचा आणखी एक फायदा आहे. स्पीकर जोरात वाजवला की तो थोडा फाटतो आणि मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर काढतो. हे सूर स्वीपमध्ये 'वेळेच्या आधी' आल्यासारखे असतात, त्यामुळे ते मुख्य ठोक्याच्या आधी छोट्या टोकांच्या रूपात वेगळे पडतात. तो भाग कापून टाकला की झालं.

## माझं पहिलं मोजमाप का फसलं?

पहिल्यांदा मी एका फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर स्वीप वाजवला आणि दुसऱ्या फोनच्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर रेकॉर्ड केला. आलेला आयआर ऐकला तर 'टक्'ऐवजी 'प्यु' असा घसरता आवाज, आणि शेपटी मध्येच गायब. कारणं दोन निघाली.

पहिलं कारण घड्याळांचं. वाजवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांची आतली घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत 20 एवढाच फरक धरला तरी 20 सेकंदांच्या स्वीपमध्ये तो 0.4 मिलिसेकंद, म्हणजे साधारण 19 सॅम्पल होतो. मग सगळे सूर एका क्षणी जमत नाहीत, ठोका पसरतो. टोक पसरट दिसलं आणि कानाला 'प्यु' आलं, तर आधी घड्याळावर संशय घ्या.

दुसरं कारण फोनचा शहाणपणा. व्हॉइस रेकॉर्डर बोलणं स्पष्ट यावं म्हणून बनवलेला असतो. तो एकसारखा चालू असलेला सूर गोंगाट समजून दाबतो, आणि आवाज मंद झाला की आपोआप वाढवतो. म्हणजे जे मोजायला गेलो, तेच तो बदलून टाकतो. हे तपासायची युक्ती सोपी आहे. 1,000 हर्ट्झचा एकच सूर 10 सेकंद वाजवून रेकॉर्ड करा. वेव्हफॉर्मची उंची शेवटपर्यंत सारखी राहिली तर ठीक. ती हळूहळू खाली गेली तर ते अ‍ॅप मोजमापासाठी नको. अँड्रॉइड 7 पासून अ‍ॅपना प्रक्रिया न केलेला माइकचा आवाज मागता येतो, त्याचं नाव `UNPROCESSED`. काही रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय सापडतो, पण फोनने तो पुरवलेला असावा लागतो.

दुसऱ्या वेळी मी एकाच ऑडिओ इंटरफेसवरून वायरने स्पीकर वाजवला आणि त्यालाच माइक जोडला. एकच घड्याळ. स्वीपमधून आयआर काढायला लॅपटॉपवर `REW` हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्यातून आयआर WAV म्हणून बाहेर काढता येतो. रात्री दीडला, लिफ्ट बंद करून, तीन वेळा स्वीप घेतला (दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडून विचारलं, ते वेगळं).

आलेली फाइल बरोबर आहे का हे पाहायला मी विरण्याचा वेग मोजला. खोलीचा आवाज 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ हे नेहमीचं माप आहे. पण पूर्ण 60 डेसिबल गोंगाटाच्या वर मिळणं कठीण असतं, म्हणून 30 डेसिबल उतरायला लागलेला वेळ घेऊन दुप्पट करतात. माझ्याकडे तो 1.1 सेकंद आला, म्हणजे जिना सुमारे 2.2 सेकंद घुमतो. तिन्ही स्वीपमध्ये हा आकडा जवळपास सारखाच आला, तेव्हा मला खात्री पटली.

## फाइल वापरायची कशी?

कोणत्याही कन्व्होल्यूशन प्लगइनमध्ये आयआर टाकता येतो. प्लगइन नसेल तर `ffmpeg` पुरेसं आहे:

```
ffmpeg -i dry.wav -i ir.wav -lavfi afir wet.wav
```

`dry.wav` म्हणजे मूळ आवाज. तो शक्यतो रजया, गाद्या असलेल्या, न घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्ड केलेला असावा. नाहीतर तुमची बेडरूम आणि जिना दोन्ही एकावर एक ऐकू येतात. त्याच्या शेवटी 3 सेकंदांची शांतता जोडून ठेवा, म्हणजे शेपटी कापली जाणार नाही. दोन्ही फाइल सारख्याच सॅम्पल रेटच्या ठेवा, माझ्या 48,000 च्या आहेत. आयआरच्या सुरुवातीची रिकामी शांतताही कापा, नाहीतर सगळा आवाज तेवढा उशिरा येतो.

मी आईला कपाटासमोर उभं करून एक ओवी म्हणायला लावली आणि ती या कमांडमधून काढली. ती ऐकून आईने पहिलं विचारलं, "हे तू जिन्यात कधी रेकॉर्ड केलंस?"

## गिटारच्या कॅबिनेटचा आयआर: तीच युक्ती, छोटी फाइल

खोलीऐवजी लाकडी खोक्यातला गिटारचा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक मोजला, तर तो झाला कॅबिनेट आयआर. याची फाइल अगदी छोटी असते. 2,048 सॅम्पल, म्हणजे 48,000 च्या दराने फक्त 43 मिलिसेकंद. इथे घुमणं पकडायचं नसतं, कोणते सूर किती दाबायचे आणि किती उचलायचे ते पकडायचं असतं.

हे महत्त्वाचं का? गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने कमी करतो. डिस्टॉर्शन लावलेली गिटार थेट फोनमध्ये घातली की ती डब्यात अडकलेल्या माशीसारखी गुणगुणते, कारण तो स्पीकर मधे नसतो. कॅबिनेट आयआर लावला की ती लगेच ओळखीची वाटते. माइक स्पीकरच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला सरकवला तरी आवाज मऊ होतो. म्हणूनच एका कॅबिनेटचे अनेक आयआर मिळतात, प्रत्येक माइकच्या जागेचा वेगळा.

पण याच ठिकाणी आयआरची मोठी मर्यादा कळते. जिन्यात दुप्पट जोरात ओरडलं तर उत्तरही दुप्पट येतं, बाकी काही बदलत नाही. कन्व्होल्यूशन याच नियमावर चालतं. डिस्टॉर्शन हा नियम मोडतं: हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोरात वाजवलं तर फाटलेला. कितीही जोरात वाजवलं तरी एकच उत्तर देणारा आयआर हे पकडूच शकत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी अ‍ॅम्पचं मॉडेल, मग कॅबिनेटचा आयआर, शेवटी खोलीचा. आणि असा तयार आवाज पुन्हा खऱ्या गिटार कॅबिनेटमधून वाजवू नका. दोन स्पीकर एकामागे एक लागतात आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो.

दुसरी मर्यादा जागेची. आयआर म्हणजे एका ठिकाणचा स्पीकर आणि एका ठिकाणचा माइक यांच्यामधला संबंध. गाणारा चालत चालत खाली उतरला तर त्या फाइलला ते कळत नाही. हॉल रिकामा असताना मोजला तर आवाज रिकाम्या हॉलचाच येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे बराच आवाज शोषतात. माझ्या स्पीकरचा रंगही त्या फाइलमध्ये उतरला आहे: त्याने जे जाड सूर नीट काढलेच नाहीत, ते जिन्याने कमी परत दिले असं फाइल सांगते.

म्हणून मी तळमजला, दुसरा मजला आणि गच्चीचं दार अशा तीन ठिकाणी वेगळे आयआर घेतले. प्रत्येक फाइल 3 सेकंदांची आहे. फाइलच्या नावात मजला, स्पीकर ते माइक अंतर आणि तारीख लिहून ठेवली आहे. स्वीपचं मूळ रेकॉर्डिंगही पुसलेलं नाही, कारण उद्या आयआर काढण्यात चूक सापडली तर तो त्या रेकॉर्डिंगमधून पुन्हा काढता येईल. पाडलेल्या जिन्यात मात्र स्वीप पुन्हा वाजवता येणार नाही.